चिकट तेलकट संडास आणि एन्झाइमची कॅप्सूल: घड्याळ बघून नाही, ताट बघून घ्यायची

क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाची वर्षानुवर्षं चालणारी सूज. तिच्या पेशंटला घरी सोडताना अन्न पचवणाऱ्या एन्झाइमची जी कॅप्सूल लिहून देतात ती बऱ्याच घरांत बीपीच्या गोळीसारखी घेतली जाते. चिठ्ठीवर १-१-१ लिहिलेलं असतं, मग सकाळ-दुपार-रात्र एकेक, बऱ्याचदा जेवणाआधी अर्धा तास, कारण 'जेवणाआधीची गोळी' म्हटलं की आपल्याकडे तसंच समजतात. आणि मग दोन महिने झाले तरी संडास तेलकटच, वजन उतरतंय ते उतरतंयच, आणि शेवटी घरचे म्हणतात की महागडी गोळी काही उपयोगाची नाही. गोळी उपयोगाची असते हो, पण ती अंगात जाऊन काम करत नाही, ती ताटातल्या अन्नावर काम करते. एवढं एक डोक्यात बसलं की बाकीचे सगळे नियम आपोआप लक्षात राहतात, म्हणून आधी तेच नीट सांगते.

माझ्या मामांना स्वादुपिंडात खडे आहेत, वय सत्तेचाळीस, बार्शीकडे किराणा दुकान. दारूला कधी हात लावला नाही तरी गल्लीतले सगळे 'पीत असणार' असंच धरून चालले होते. आपल्याकडे दारूशिवाय होणारं पॅनक्रियाटायटिस भरपूर दिसतं, तेव्हा हे एक आधी डोक्यातून काढा. त्यांची फाइल, रिपोर्ट, गोळ्या मी बघते, आणि खाली जे उदाहरण येतं ते त्यांचंच आहे. हे मोठ्या माणसांसाठी लिहिलंय. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार असलेल्या लहान मुलांचा डोस वजनावर वेगळा ठरतो, तो त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्यायचा.

नेमकं बिघडतं काय

आपण जेवलो की अन्न जठरातून हळूहळू, दोन-तीन तास लावून, छोट्या आतड्यात उतरतं. तिथे स्वादुपिंडाचा रस त्याच्यावर पडतो. त्यात तीन मुख्य एन्झाइम असतात, पिष्टासाठी अमायलेज, प्रोटीनसाठी प्रोटिएज आणि चरबीसाठी लायपेज. पहिल्या दोघांचं काम थोडंफार लाळ, जठर आणि आतडं सांभाळून घेतं, पण चरबीचं बहुतेक काम एकट्या लायपेजवर असतं, आणि स्वादुपिंड खराब होताना सगळ्यात आधी तेच कमी पडतं. म्हणून पहिली तक्रार तेलाची येते, भाताची नाही.

पण स्वादुपिंडाकडे साठा एवढा मोठा असतो की लायपेज नॉर्मलच्या साधारण दहा टक्क्यांखाली जाईपर्यंत संडासात तेल दिसत नाही. म्हणजे तेल दिसायला लागलं तेव्हा बहुतेक ग्रंथी आधीच गेलेली असते, आणि ती परत येत नाही. त्यामुळे 'कोर्स किती दिवसांचा' या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना 'कायमचा' असंच आहे. ऐकायला कडू आहे पण गोळी मधेच बंद करून बघण्यापेक्षा हे आधी माहीत असलेलं बरं.

संडास बघायची, लाज सोडून

मामींनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाल्या की "अगं, यांच्यानंतर बाथरूममध्ये जाववत नाही आणि दोन बादल्या ओतल्या तरी भांडं साफ होत नाही." डॉक्टरांना यापेक्षा चांगलं वर्णन कुणी देऊ शकत नाही खरं तर. चरबीवाली संडास रंगाने फिकट, मातकट पिवळी असते, प्रमाणाने जास्त, भांड्याला चिकटणारी, वास नेहमीपेक्षा खूपच घाण, आणि पाण्यावर तेलाचा तवंग किंवा चकचकीत थेंब दिसतात. काहींना टिश्यूवर किंवा अंडरवेअरवर तेलाचा डाग लागतो. सोबत पोट फुगणं, गॅस, गुरगुर.

फक्त संडास तरंगते म्हणून घाबरू नका, गॅसमुळे कुणाचीही तरंगते. तवंग आणि चिकटपणा महत्त्वाचा. आणि उलट बाजूही लक्षात घ्या, तवंग दिसत नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही, कारण खूप पेशंट त्रास होतो म्हणून स्वतःहूनच तेल-तूप सोडून देतात, मग संडास बऱ्यापैकी दिसते आणि माणूस मात्र वाळत जातो. मामांचं तसंच झालं होतं. ६४ किलोचे ५१ किलो झाले, पण शेवटचे काही महिने संडासची तक्रार कमी होती, कारण ते भाकरी आणि पातळ वरणावर जगत होते.

तपासणीत फीकल इलास्टेज नावाची टेस्ट करतात, संडासचा थोडा नमुना द्यायचा असतो. २०० च्या वर नॉर्मल धरतात, १०० ते २०० हा संशयाचा पट्टा, आणि १०० च्या खाली आला तर स्वादुपिंड कमी पडतंय याची शक्यता बरीच जास्त. मामांचा ३८ आला. दोन गोष्टी सांभाळा. एक, पाण्यासारखे जुलाब चालू असताना नमुना देऊ नका, पातळ झाल्यामुळे आकडा खोटा कमी येतो. दुसरं, ही टेस्ट तुमच्या स्वतःच्या स्वादुपिंडाचं इलास्टेज मोजते, कॅप्सूलमधलं नाही, म्हणून कॅप्सूल चालू असली तरी टेस्ट होते, पण 'डोस पुरतोय का' हे तिच्यावरून अजिबात कळत नाही. गोळ्या घेऊन सहा महिन्यांनी परत इलास्टेज केलं, तेवढंच कमी आलं, आणि गोळीचा फायदा नाही असं समजून बंद केली, हे फार ऐकायला मिळतं. आकडा वाढणारच नव्हता.

स्ट्रिपवर काय वाचायचं

कॅप्सूलच्या नावापुढे किंवा मागे छोट्या अक्षरांत लायपेजचे युनिट लिहिलेले असतात, १०,००० किंवा २५,००० किंवा ४०,०००. डोस हा या आकड्याचा असतो, कॅप्सूलच्या संख्येचा नाही. '१-१-१' हे १०,००० चं असेल तर दिवसाला ३०,००० होतं आणि २५,००० चं असेल तर ७५,०००, एकदम वेगळं औषध म्हणा ना. मेडिकलवाला एक स्ट्रेंग्थ नाही म्हणून दुसरी देतो तेव्हा हे हमखास गडबडतं, म्हणून दर वेळी पाकीट बघूनच पैसे द्या. आणि किंमत तोलताना कॅप्सूलची नाही, दर १०,००० युनिटला किती पडतात ते काढा. कधी मोठी कॅप्सूल स्वस्त पडते, कधी छोट्या दोन.

अजून एक, आणि हे जास्त महत्त्वाचं. पोट जड झालं की मेडिकलमधून जी 'पाचक एन्झाइम'ची सिरप किंवा गोळी आणतात, त्यात बहुतेक वेळा फंगल डायास्टेज आणि पपईपासूनचं पपेन असतं. त्यात लायपेज नावालाही नसतं. ती याला पर्याय नाही. काही गोळ्यांवर पॅनक्रियाटिन लिहिलेलं असतं पण लायपेजचे युनिट अगदी कमी, किंवा वर आम्लापासून वाचवणारं कोटिंगच नाही. आपल्याला हवंय ते पॅनक्रियाटिन, युनिट स्पष्ट लिहिलेले, आणि आत कोटिंग केलेले बारीक दाणे.

हे पॅनक्रियाटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं. घरात शाकाहार किंवा धर्माचा प्रश्न असेल तर हे पेशंटला आधीच सांगायला हवं, नंतर पाकिटावर वाचून त्याने गुपचूप गोळ्या फेकून देण्यापेक्षा. शाकाहारी स्रोताचं, इतकंच भरवशाचं औषध सध्या याच्या जागी नाही, त्यामुळे निर्णय त्या माणसाने समजून-उमजून घ्यायचा आहे. आमचे मामा माळकरी आहेत, त्यांनी दोन दिवस घेतले आणि मग म्हणाले, "औषध म्हणून घेतो, जेवण म्हणून नाही." विषय संपला.

पहिल्या घासासोबत, आणि मधेही

कॅप्सूलमधल्या दाण्यांवरचं कोटिंग जठराच्या आंबटपणात टिकतं आणि पुढे आतड्यात आंबटपणा कमी झाला की विरघळतं, साधारण पीएच साडेपाचच्या वर. हे कोटिंग नसतं तर जठरातलं आम्ल लायपेजला कायमचं मारून टाकतं. दाणे मुद्दाम एक-दोन मिलिमीटरचे बनवतात म्हणजे ते अन्नात मिसळून अन्नासोबतच खाली उतरतील. आता विचार करा, अर्धा तास आधी घेतली तर दाणे रिकाम्या पोटातून एकटेच पुढे निघून जातात आणि भाजी-पोळी मागून येते तेव्हा त्यांचं काम आटपलेलं असतं. जेवण पूर्ण झाल्यावर घेतली तर अर्धं अन्न आधीच पुढे गेलेलं. म्हणून वेळ अशी:

एक कॅप्सूल असेल तर दोन-तीन घास खाल्ले की लगेच. दोन असतील तर एक पहिल्या घासांना, एक अर्ध्या जेवणात. तीन असतील तर सुरुवात, मध्य, आणि शेवटच्या वाढपाआधी. लग्नात पंगत लांबली किंवा आधी सूप, स्टार्टर, मग तासाभराने जेवण असं असेल तर सुरुवातीच्या खाण्याला वेगळी आणि जेवणाला वेगळी धरा.

गार किंवा साध्या पाण्याने अख्खी गिळायची. गरम चहा-दुधाबरोबर नाही. चावायची नाही, कुटायची तर मुळीच नाही, दाणे फुटले की कोटिंग गेलं, वर तोंडात राहिले तर तिथलीच त्वचा सोलवटते आणि छाले येतात. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे चमचाभर गार, आंबटसर, मऊ गोष्टीवर टाकतात, सफरचंदाचा शिजवून गार केलेला गर उत्तम, आणि न चावता लगेच गिळून वर पाणी पिऊन चूळ भरायची. गरम वरणभातात किंवा दुधात ढवळायची नाही, तिथेच कोटिंग विरघळायला लागतं.

विसरलात आणि जेवण अजून चालू आहे किंवा आत्ताच हात धुतला, तर घेऊन टाका. तासभर होऊन गेला असेल तर राहू द्या, पुढच्या जेवणाला दुप्पट घेऊन ती भरपाई होत नाही, कारण ते अन्न तर केव्हाच पुढे गेलं.

इथे एक अदलाबदल फार होते. अॅसिडिटीची गोळी, म्हणजे पॅन्टोप्रॅझोल वगैरे, ती खरंच जेवणाआधी अर्धा तास असते. एन्झाइम जेवणासोबत. दोन्ही एकाच चिठ्ठीवर असल्यामुळे घरात उलटसुलट होतं. मामींनी शेवटी अॅसिडिटीची गोळी देवघरापाशी ठेवली, सकाळी पूजेच्या वेळी घ्यायची, आणि एन्झाइमची डबी जेवायच्या ताटांच्या फळीवर. तेव्हापासून गोंधळ नाही.

किती घ्यायची

मोठ्या माणसाला सुरुवातीचा डोस मुख्य जेवणाला ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मा, २०,००० ते २५,०००. हा सुरुवातीचा डोस आहे, शेवटचा नाही. आपल्याकडे १०,००० ची एक कॅप्सूल जेवणाला दिलेली असते तेव्हा ती बहुतेकांना अपुरीच पडते, पण म्हणून स्वतःच्या मनाने वाढवू नका, खाली लिहिलंय तशी संडासची आणि जेवणाची नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा, म्हणजे बोलणं पाच मिनिटांत होतं.

मामांच्या तेल सोडण्याआधीच्या ताटाचं सांगते. दुपारी दोन पोळ्या तेल लावलेल्या, एक वाटी भाजी, आमटी, भात, शेंगदाण्याची चटणी. एक चहाचा चमचा तेल म्हणजे साधारण ५ ग्रॅम चरबी. पोळ्यांना मिळून एक चमचा, त्यांच्या वाट्याच्या भाजीत दीड, आमटीच्या फोडणीतलं एक धरलं तर साडेतीन चमचे, म्हणजे १७-१८ ग्रॅम. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मी चरबीच असते, म्हणून २० ग्रॅम चटणीतून अजून दहाएक ग्रॅम. म्हणजे अगदी साध्या ताटात २७-२८ ग्रॅम चरबी, आणि त्याच्यावर त्यांची १०,००० ची एकटी कॅप्सूल, तीही अर्धा तास आधी पुढे निघून गेलेली. तवंग येणार नाही तर काय.

रोज ग्रॅम मोजत बसायची गरज नाही, डोळ्याने ताट तीन प्रकारचं ओळखता आलं की पुरे. हलकं खाणं, म्हणजे दोन इडल्या आणि थोडी चटणी, छोटी वाटी उपमा, एक ग्लास दूध: याला २५,०००. रोजचं पूर्ण जेवण: ५०,०००. आणि जड ताट, पुरणपोळीवर तुपाची धार, मिसळ तर्रीसकट, पावभाजी, श्रीखंड-पुरी, मटण: याला मामांच्या डॉक्टरांनी ७५,००० पर्यंत जायची मोकळीक आधीच लिहून दिली आहे. तुमच्याही डॉक्टरांकडून हे तीन आकडे लिहून घ्या.

उपासाला फसायला होतं. 'आज तर उपास आहे, काहीच खाल्लं नाही' म्हणून कॅप्सूल टाळतात, आणि साबुदाण्याच्या खिचडीच्या एका ताटलीत कूट आणि तूप मिळून २५ ग्रॅमच्या आसपास चरबी असते. ते पूर्ण जेवणच धरायचं. एकादशी मामांची ठरलेली, त्यामुळे हा घोळ आमच्याकडे महिन्यातून दोनदा व्हायचा. उलट कोरा चहा, सरबत, नारळपाणी, नुसती फळं, साखरेचं पाणी यांना कॅप्सूल लागत नाही. अर्धा कप दुधाच्या चहालाही सहसा नाही, पण चहासोबत खारी, शेव किंवा भजी आली की लागते.

वरची मर्यादा पण माहीत हवी. एका जेवणाला दर किलो वजनामागे २,५०० आणि दिवसभरात दर किलोमागे १०,००० युनिट, याच्या पुढे जायचं नाही. मामांचं वजन ५१ धरलं तर जेवणाला सव्वा लाखाच्या वर थोडं आणि दिवसाला पाच लाखांच्या वर थोडं. ही मर्यादा आली ती १९९० च्या दशकातल्या अनुभवावरून, सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांना खूपच मोठे डोस दिले गेले आणि काहींचं मोठं आतडं जाड होऊन आवळलं गेलं. मामांचा आजचा दिवस नाश्त्याला २५,०००, दुपारी ५०,०००, संध्याकाळी २५,०००, रात्री ५०,०००, म्हणजे दीड लाख, २५,००० च्या सहा कॅप्सूल. मर्यादेपासून बरेच लांब. महिन्याला १८० कॅप्सूल लागतात हे मात्र आधी धरून चला, नाहीतर महिनाअखेरीला 'आज एकच घेतो' सुरू होतं आणि मग सगळंच फिसकटतं.

पायरी-पायरीने, मामांचं कसं केलं

सुरुवातीला डॉक्टरांनी डोस तोच ठेवून फक्त वेळ बदलली, जेवताना घ्यायला सांगितली. आठवड्याभरात वास कमी झाला, तवंग होताच. मग डोस वर सांगितला तसा केला आणि तेल-तूप परत सुरू करायला सांगितलं. यावर घरात वाद झाला, कारण आधी कुणीतरी 'तेलाचा थेंब नको' असं बजावून ठेवलं होतं. जुन्या काळी असंच सांगायचे, पण आता एन्झाइम देऊन घरातल्या इतरांइतकंच तेल खाऊ देतात, कारण चरबी बंद केली की कॅलरी जातात, वजन जातं, आणि चरबीत विरघळणारी ए, डी, ई, के व्हिटॅमिन पण जातात. फक्त एकदम भरपेट दोनदा खाण्यापेक्षा थोडं थोडं चार-पाच वेळा. आणि कोंडा, इसबगोल यांचा मारा नको, खूप जास्त फायबरमध्ये एन्झाइमचं काम कमी होतं. वजन कमी झालेल्या माणसाला 'सॅलड खा' सांगणारे नातेवाईक असतात, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

डोस वाढवल्यावर नोंद ठेवली, साध्या वहीत: किती वेळा संडास, तवंग आहे की नाही, साफ व्हायला किती पाणी लागलं, पोट फुगलं का, आणि त्या दिवशी ताटात काय होतं व कॅप्सूल किती, कधी. ही वही फार कामाची. त्यातच दिसलं की बाकी दिवस छान जातात पण गुरुवारी हमखास बिघडतं, आणि गुरुवार म्हणजे बार्शीत मामांचा मित्रांसोबत दुकानाबाहेर वडापाव, जो 'जेवण' नसल्यामुळे कॅप्सूलच्या हिशेबात नव्हता.

तरीही तवंग थोडा राहत होता. मग डॉक्टरांनी पॅन्टोप्रॅझोल जोडली. कारण असं की खराब स्वादुपिंड फक्त एन्झाइमच नाही तर आम्ल मारणारं बायकार्बोनेटही कमी सोडतं, त्यामुळे आतड्याची सुरुवात आंबटच राहते, दाण्यांचं कोटिंग वेळेवर उघडत नाही, आणि उघडतं तेव्हा अन्न पुढे गेलेलं असतं. अॅसिड कमी केलं की दाणे वेळेत उघडतात. त्यानंतर तवंग गेला. तीन महिन्यांत वजन ५५ झालं.

ही क्रमवारी लक्षात ठेवण्यासारखी आहे: आधी वेळ, मग घेतल्या जातायत का ते, मग डोस, मग अॅसिडिटीची गोळी. एवढं करूनही फरक नाही तर आजारच दुसरा किंवा जोडीला दुसरा असू शकतो. छोट्या आतड्यात जंतू वाढणं या पेशंटमध्ये बरंच आढळतं, त्याला अँटिबायोटिक लागतं. जिआर्डिया नावाचा आतड्यातला परजीवी, गव्हाची अॅलर्जी म्हणतात तो सिलिअॅक, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, यांनीही जुलाब होतात. मग डोस वाढवत राहण्यात अर्थ नसतो.

साखर, आणि ही सगळ्यात धोक्याची जागा

क्रॉनिक पॅनक्रियाटायटिसच्या बऱ्याच पेशंटना मधुमेहही असतो, कारण इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही त्याच ग्रंथीत असतात. आता बघा, इतके दिवस अर्धं अन्न वाया जात होतं आणि इन्सुलिनचा डोस त्या हिशेबाने बसवलेला. एन्झाइम नीट सुरू झालं की खाल्लेलं अंगी लागतं आणि साखर वाढते. मामांची दुसऱ्या आठवड्यात जेवणानंतरची २८० गेली, सगळे घाबरले, गोळीनेच साखर वाढवली म्हणायला लागले. तसं नाही, पचायला लागलंय म्हणून वाढली, आणि डॉक्टरांनी इन्सुलिन बदललं.

उलटी बाजू जास्त वाईट. नवीन इन्सुलिन घेतलं आणि त्या जेवणाला कॅप्सूल विसरली, तर अन्न नीट पचत नाही आणि साखर एकदम खाली येऊ शकते. या आजारात साखर वर ढकलणारं ग्लुकॅगॉन हार्मोनही कमी झालेलं असतं, त्यामुळे खाली गेलेली साखर लवकर वर येत नाही. म्हणून एन्झाइम सुरू करताना किंवा डोस वाढवताना पहिले दोन-तीन आठवडे ग्लुकोमीटरवर साखर जास्त वेळा बघा, आणि इन्सुलिन घेणाऱ्याच्या खिशात कॅप्सूल आणि ग्लुकोज दोन्ही असू द्या.

बाकी थोडंसं

व्हिटॅमिन डी, ए, बी-१२ एकदा तपासून घ्या, आणि हाडांची डेक्सा तपासणी डॉक्टरांना विचारून करा, यातल्या बऱ्याच पेशंटची हाडं आतून ठिसूळ झालेली असतात आणि कळत नाही. रात्री अंधारात नीट दिसत नाही, जरा लागलं की काळंनिळं पडतं, असं असेल तर ते मुद्दाम सांगा, ए आणि के कमी पडल्याच्या खुणा असू शकतात.

पोटदुखी या कॅप्सूलने थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका, तिचा इलाज वेगळा आहे. सिगारेट, तंबाखू, दारू चालू असेल तर ग्रंथीचं नुकसान पुढे चालूच राहतं.

डबी गॅसच्या शेजारी, दुकानाच्या पत्र्याखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या पुढे जातो आणि उष्णतेने एन्झाइम मरतं, वरून कॅप्सूल अगदी तशीच दिसते. पाकिटावर किती तापमान लिहिलंय ते वाचून घरातल्या गार, कोरड्या कपाटात ठेवा, प्रवासात सावलीच्या पिशवीत. उन्हाळ्यात अचानक तवंग परत आला तर जेवण बदललंय का हे बघण्याआधी डबी कुठे ठेवली होती ते बघा.

आणि डॉक्टरांकडे पुढच्या तारखेची वाट न बघता कधी जायचं: डोळे-लघवी पिवळी झाली, संडासात रक्त किंवा काळी डांबरासारखी संडास, पोटात न थांबणारं दुखणं, उलट्या होऊन पोट गच्च होणं आणि गॅसही न सुटणं, किंवा कॅप्सूल व्यवस्थित चालू असूनही वजन उतरतच राहणं. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला नव्यानेच मधुमेह निघाला, वजन झपाट्याने गेलं आणि सोबत तेलकट संडास असेल, तर कॅप्सूल सुरू करण्याच्या जोडीला पोटाचं सीटी स्कॅन लवकर करून घ्या, स्वादुपिंडाचा कॅन्सरही असाच सुरू होऊ शकतो.